इंग्रजीतला एकट्याचा ‘दे’ : मराठीत आणि हिंदीत लिंग उघड न करता कसा आणायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत आता बरेच कागद वरून इंग्रजीत येतात. पुण्याच्या किंवा परदेशी गिऱ्हाईक कंपनीचं तक्रार-धोरण, सुरक्षेचे नियम, चौकशीचे गोषवारे. ते सूचनाफलकावर लावायचे तर मराठीत हवेत, आणि फाउंड्रीत बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं कामाला असल्यामुळे हिंदीतही. या कागदांत एक शब्द पुन्हा पुन्हा अडवतो, तो म्हणजे ‘they’ हे इंग्रजी सर्वनाम, आपल्या अक्षरांत ‘दे’. एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे, पण तो पुरुष की स्त्री हे माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही, तेव्हा इंग्रजी ‘ही’ किंवा ‘शी’ न म्हणता ‘दे’ म्हणतं. हे खूळ कालपरवाचं नाही. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत असा ‘दे’ लिहिलेला सापडतो. मधल्या काळात व्याकरणकारांनी त्याला नावं ठेवली, पण बोलण्यातून तो गेला नाही, आणि २०१९मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या लेखन-नियमावलीनेही तो वापरा असंच सांगितलं.

नियमांच्या पुस्तकात हा प्रश्न भाषेच्या सफाईपुरता असतो. तक्रारीच्या कागदात तसा नसतो. ज्या खात्यात वीस पुरुष आणि दोन बायका आहेत, तिथल्या तक्रारदाराबद्दल ‘ती म्हणाली’ एवढं लिहिलं की नाव लपवण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून हा लेख तक्रारीच्या गोषवाऱ्यावर बेतला आहे. तो नीट जमला की बाकीचे कागद सोपे जातात.

आधी ‘दे’ कोणता ते ठरवा

इंग्रजीत एकट्याच्या ‘दे’लाही अनेकवचनी क्रियापद लागतं. ‘दे इज’ होत नाही, ‘दे आर’च होतं. त्यामुळे वाक्य बघून एक माणूस की अनेक हे कळत नाही. मागे जाऊन तो ‘दे’ कोणत्या नामाला धरून आला आहे ते शोधा. ते नाम ‘समवन’, ‘एनी एम्प्लॉयी’, ‘द कम्प्लेनंट’ असं एकवचनी असेल, तर ‘दे’ एकट्याचा. ‘द वर्कर्स’ असेल, तर अनेकांचा. दोन्ही एकाच परिच्छेदात असतील, तर पेन्सिलीने प्रत्येक ‘दे’, ‘देम’ आणि ‘देअर’वर कोणाचा ते लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता पुढे गेलात तर एका माणसाची तक्रार मराठीत शिष्टमंडळाची होऊन बसते.

एकट्याचा आहे हे कळल्यावर आणखी एक प्रश्न. तो कोणीही असू शकतो म्हणून ‘दे’ आहे, की एक ठरावीक माणूस लपवायचा आहे म्हणून? पहिल्या प्रकारात थोडं इकडंतिकडं झालं तरी नुकसान नाही. दुसऱ्यात एक प्रत्ययही चुकून चालत नाही.

मराठीत लिंग कुठे उघडं पडतं

मराठीत लिंग सर्वनामात दिसतं, क्रियापदात दिसतं आणि विशेषणातही दिसतं. पण सगळीकडे दिसत नाही, आणि आपला मार्ग त्या मोकळ्या जागांतूनच जातो.

सर्वनामांचं बघा. ‘तो’, ‘ती’, ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्याला’, ‘तिला’ ही सगळी बोलकी. आदरार्थी ‘ते’ आणि ‘त्या’ हीसुद्धा बोलकी. पण विभक्ती लागली की आदरार्थी रूप गप्प होतं. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’, ‘त्यांच्याकडे’ यातून पुरुष की स्त्री काही कळत नाही. म्हणजे तक्रारदाराबद्दल ‘ते’ किंवा ‘त्या’ येऊ द्यायचं नाही, ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ मात्र हवं तेवढं वापरायचं. वाक्य बांधताना पहिलं लक्ष इथं ठेवा. कर्ता प्रथमेत आला की धोका वाढतो.

क्रियापदात भविष्यकाळ मोकळा आहे. ‘येईल’, ‘येतील’, ‘येणार आहे’ सगळ्यांना सारखं. ‘यावे’, ‘कळवावे’ हे विध्यर्थी रूपही तसंच. वर्तमानात एकवचन बोलतं, ‘येतो’ आणि ‘येते’, पण अनेकवचनी ‘येतात’ बोलत नाही. ‘करत आहे’ मोकळं, पण बोलण्यातलं ‘करतोय’ आणि ‘करतेय’ बोलकं. ‘करू शकतो’ आणि ‘करू शकते’ यात लिंग दिसतं, ‘करता येईल’ यात दिसत नाही. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटलं तर ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालतं, म्हणून सुरक्षेच्या सूचना थेट ‘तुम्हाला दुखापत झाली तर’ अशा लिहिल्या की निम्म्याहून जास्त अडचण सुटते.

खरी कसोटी भूतकाळात आहे, आणि तक्रार म्हणजे बहुतेक भूतकाळच. इथं मराठीचा ‘ने’ कामाला येतो. ‘तक्रारदाराने पत्र लिहिलं’ यात ‘लिहिलं’ हे पत्राकडे बघून आलं आहे, लिहिणाऱ्याकडे बघून नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात आणलं की कर्त्याचं लिंग आपोआप झाकलं जातं. अकर्मक आणलं की उघडं. ‘गेला’, ‘आली’, ‘बसला’, ‘घाबरली’.

काही क्रियापदं कर्म घेतात आणि तरीही ‘ने’ घेत नाहीत. तिथं हमखास चूक होते. ‘म्हणणे’चं ‘म्हणाला-म्हणाली’ हे रूप त्यातलं सगळ्यात जास्त लागणारं. ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’. त्याऐवजी ‘त्यांनी म्हटले’ किंवा ‘त्यांनी सांगितले’ घ्या. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘बोलणे’ यांचंही तेच. ‘विसरला’ऐवजी ‘लक्षात राहिले नाही’, ‘शिकली’ऐवजी ‘प्रशिक्षण घेतले’.

अकर्मक क्रियापदांसाठी मराठीत ‘-ला’ची जुनी आणि रुळलेली वाट आहे. ‘घाबरला’ न म्हणता ‘भीती वाटली’. ‘जखमी झाली’ न म्हणता ‘दुखापत झाली’. ‘आजारी पडला’ न म्हणता, खरंच ताप होता तर, ‘ताप आला’. ‘तक्रारदाराला’ किंवा ‘त्यांना’ लावून ही सगळी वाक्यं सरळ बसतात. कोणालाही ती ओढूनताणून केलेली वाटत नाहीत, कारण आपण घरात तशीच बोलतो.

विशेषणांचं थोडक्यात. ‘नवा’, ‘एकटा’, ‘मोठा’ बदलतात. ‘नवीन’, ‘हुशार’, ‘तयार’ बदलत नाहीत. ‘एकट्याने’ आणि ‘एकटीने’ हा सगळ्यात जास्त निसटणारा शब्द आहे. त्याच्या जागी ‘सोबत कोणी नव्हते’ असं लिहा.

‘कोणीतरी’ असेल तर नपुंसकलिंग

मराठीकडे तिसरं लिंग आहे, आणि अनोळखी माणसासाठी आपण ते रोज वापरतो. दाराची कडी वाजली की आपण ‘कोण आलंय?’ विचारतो. ‘कोणीतरी येऊन गेलं’, ‘कोणी विचारलं तर सांग’. बाई की पुरुष हा प्रश्नच तिथं उठत नाही. इंग्रजी ‘समवन’ला धरून आलेला ‘दे’ असेल, तर ही वाट सगळ्यात सरळ.

पण तिला एक कुंपण आहे. ‘कोणी’ संपून तो माणूस ठरावीक झाला की नपुंसकलिंग थांबवायचं. ‘कोणीतरी आलं होतं’ ठीक. पुढच्याच वाक्यात ‘ते खुर्चीवर बसलं’ म्हटलं की मोठ्या माणसाबद्दल ते तुच्छतेचं होतं, किंवा पोराबद्दल बोलल्यासारखं. म्हणून पहिलं वाक्य नपुंसकात आणि पुढचं आदरार्थी ‘-नी’मध्ये, असा सांधा ठेवा. कॅन्टीनमधल्या पाटीचं उदाहरण घ्या. इंग्रजीत ‘समवन’ची छत्री राहिली आहे आणि ‘दे’नी ती घेऊन जावी असं असेल, तर मराठीत: ‘कोणाची तरी छत्री इथे राहिली आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.’ ‘जो’ आणि ‘जी’ची अडचण ‘ज्यांची’ने टळली आणि ‘ते’ कुठं आलंच नाही.

‘व्यक्ती’ या शब्दावर पुष्कळ जण विसंबतात. तो मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘ती व्यक्ती’, ‘तिने’ अशी मालिका सुरू होते. पहिल्या वाक्यात वाचणाऱ्याला ते व्याकरण वाटतं. चौथ्या वाक्यापर्यंत ‘व्यक्ती’ मागे पडते आणि नुसतं ‘तिने’ उरतं, मग वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाईच येते. शब्द वापरा, पण त्याला सर्वनामाने पुढे ओढू नका. दर वेळी ‘व्यक्तीने’ म्हणा किंवा ‘त्यांनी’वर या. हिंदीत हाच ‘व्यक्ति’ पुल्लिंगी आहे, त्यामुळे मराठीवरून हिंदी करणाऱ्याने इथं दुप्पट सावध राहावं.

एक गोषवारा, वाक्य वाक्य करून

समजा, फाउंड्रीच्या चौकशी समितीकडे इंग्रजीत असा गोषवारा आला. मजकूर मी नमुन्यासाठी तयार केला आहे. त्याचा आशय असा: तक्रारदार कोअर शॉपमध्ये काम करतो किंवा करते. गैरहजर कामगाराची हजेरी सुपरवायझर लावत असल्याचं ‘दे’नी तीनदा पाहिलं. ‘दे’ त्याच्याशी बोलायला गेले तेव्हा, स्वतःचं काम बघा, असं उत्तर ‘देम’ना मिळालं. ‘दे’ घाबरले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. बैठक कारखान्याबाहेर असेल तर ‘दे’ समितीला भेटायला तयार आहेत. सुपरवायझरसाठी मूळ मजकुरात ‘ही’ आहे.

या आशयातच बघा, ‘दे’ घाबरले, ‘दे’ आले नाहीत असं सरळ उतरवलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. माणसं अनेक वाटतात, आणि एक वाटलाच तर तो पुरुष वाटतो.

सुरुवात संख्या पक्की करण्यापासून. कागदाच्या डोक्यावर ‘तक्रारदार : एक’ अशी ओळ द्या. आता पुढचं ‘त्यांनी’ आदराचं आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक झालं.

पहिलं वाक्य: ‘तक्रारदारांचे काम कोअर शॉपमध्ये आहे.’ ‘काम करतात’ हेही चाललं असतं, पण ‘एक’ लिहिल्यानंतर लगेच ‘करतात’ आलं की डोळा अडखळतो. षष्ठीने तो अडखळत नाही.

दुसरं: ‘हजर नसलेल्या कामगाराची हजेरी सुपरवायझरने लावल्याचे आपण तीन वेळा पाहिले, असे त्यांनी सांगितले.’ ‘पाहिले’ आणि ‘सांगितले’ दोन्ही सकर्मक. ‘आपण’ इथं स्वतःसाठी आहे आणि त्याला लिंग नाही.

तिसरं: ‘याबाबत त्यांनी सुपरवायझरला विचारले, तेव्हा स्वतःचे काम बघावे, असे उत्तर मिळाले.’ मुळात ‘बोलायला गेले’ आहे. ‘गेला’ किंवा ‘गेली’ टाळण्यासाठी ‘विचारले’ घेतलं. इथं अर्थ थोडा हलला. जाऊन बोलणं आणि विचारणं एकच नव्हे. चौकशीत तेवढा फरक महत्त्वाचा असेल, तर ‘त्यांनी सुपरवायझरला भेटून हा विषय काढला’ असं करा. मला हे दुसरं जास्त पटतं. सुपरवायझरसाठी ‘त्याने’ वापरलं नाही, हेही मुद्दाम. इंग्रजीत ‘ही’ आणि ‘दे’ या दोन शब्दांवरून कोण कोण ते कळतं. मराठीत तो आधार गेल्यावर सुपरवायझरला दर वेळी पदानेच हाक मारावी.

चौथं वाक्य अवघड आहे. ‘त्यांना भीती वाटली’ हे सहज झालं. पण ‘कामावर आले नाहीत’ याचं काय? ‘त्यांनी रजा घेतली’ लिहिणं सोपं, पण रजा मूळ मजकुरात नाही, आणि बिनरजेची गैरहजेरी असेल तर आपण तक्रारदाराच्या बाजूने खोटं लिहिलं असं होतं. ‘येणे टाळले’ यात मुद्दाम केल्याचा वास येतो. ‘हजेरी नव्हती’ म्हणावं तर तक्रार हजेरीच्याच घोळाची, वाचणारा गोंधळेल. ‘दुसऱ्या दिवशी त्यांचे कामावर येणे झाले नाही’ हे बरोबर बसतं. ‘येणं झालं नाही’ आपण रोज म्हणतो, त्यात कारणही नाही आणि लिंगही नाही. असं क्रियापदाचं नाम करून ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ लावणं ही शेवटची चावी समजा. प्रत्येक वाक्याला ती लावली तर मजकूर सरकारी होतो, म्हणून बाकी काही चालेना तेव्हाच वापरा.

पाचवं: ‘बैठक कारखान्याबाहेर असेल, तर समितीला भेटण्याची त्यांची तयारी आहे.’

आणि भाषेपलीकडची एक गोष्ट. ‘कोअर शॉप’ हे नावच माणूस ओळखायला पुरेसं असेल, तर व्याकरण कितीही सांभाळून उपयोग नाही. भाषांतर करणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने खोडू नये, पण कागद पाठवणाऱ्याला लेखी विचारावं की खात्याचं नाव राहू द्यायचं का.

कोल्हापुरी जबाब

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी आहे, आणि ती इथं फार उपयोगी पडते. कोल्हापुरातल्या कितीतरी बायका-मुली ‘मी गेलो’, ‘मी आलो’, ‘मी करतो’ असंच बोलतात. पुण्याकडच्या माणसाला ते ऐकून नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही. याचा अर्थ, तोंडी सांगितलेल्या जबाबात प्रथमपुरुषी क्रियापद आपल्याकडे लिंग सांगेलच असं नाही. ते उघडं पाडतो तो लिहून घेणारा. बाई म्हणते, ‘मी बघायला गेलो तवा हे दिसलं.’ कारकून शुद्ध करायचं म्हणून ‘मी पाहायला गेले’ लिहितो, आणि झाकलेलं माणूस उघडं पडतं. उलटही होतं. बाहेरगावचा अधिकारी ‘मी गेलो’ वाचून तक्रारदार पुरुषच, असं धरून चालतो आणि भलत्याच माणसाकडे बघू लागतो.

जबाब लिहून घेताना म्हणून दोनच वाटा ठेवाव्यात. शब्दशः लिहायचा तर बोलीत जसं आलं तसंच ठेवायचं, आणि वर एक ओळ टाकायची की या भागात स्त्रियाही ‘गेलो’, ‘आलो’ म्हणतात. प्रमाण मराठीत आणायचा असेल, तर ‘गेलो’चं ‘गेले’ न करता सकर्मक रूपाकडे वळायचं: ‘मी जागेवर जाऊन पाहिले’. ‘मी पाहिले’, ‘मी सांगितले’, ‘मी सही केली’ हे सगळ्यांचं सारखंच असतं. जबाबाखालच्या प्रतिज्ञेत ‘जाहीर करतो/करते’ अशी तिरपी रेघ छापलेली असते आणि सही करणारा त्यातलं एक खोडतो. लिंग उघडं पडण्याची ती सगळ्यात साधी जागा. तिथं ‘मी जाहीर करत आहे’ छापा.

हिंदी करताना

मराठी कागद तयार झाला की त्यावरूनच हिंदी करण्याचा मोह होतो. तसं करू नका, कारण दोन्ही भाषांच्या मोकळ्या जागा वेगळ्या आहेत. हिंदीत ‘वह’, ‘वे’, ‘उसने’, ‘उसका’ यांना लिंग नाही, म्हणजे सर्वनामांत हिंदी मराठीपेक्षा सोपी. ‘वे मिलने को तैयार हैं’ असं प्रथमेतलं वाक्यही हिंदीत चालतं, मराठीत ‘ते’ किंवा ‘त्या’ आलं असतं. क्रियापदात मात्र हिंदी जास्त बोलते. मराठीतलं निर्धास्त ‘येईल’ हिंदीत ‘आएगा’ किंवा ‘आएगी’ होतं. ‘करत आहे’चं ‘कर रहा है’ किंवा ‘कर रही है’ होतं. भविष्य टाळून ‘आएँ’, ‘दें’, ‘बताएँ’ अशी रूपं घ्या, आणि ‘कर सकता है’च्या जागी ‘किया जा सकता है’.

भूतकाळात हिंदीतही ‘ने’ आहे, पण यादी तंतोतंत जुळत नाही. मराठीत ‘त्यांनी छत्री आणली’ झाकलेलं आहे. हिंदीत ‘लाना’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘छाता लाए’ किंवा ‘छाता लाईं’ असं उघडं पडतं. ‘बोलना’ आणि ‘भूलना’ यांचंही तसंच. ‘उन्होंने बताया’ आणि ‘उन्हें डर लगा’ या दोन वाक्यांवर मात्र हिंदी गोषवारा बराचसा उभा राहतो.

तपासणी

मजकूर झाला की ‘तक्रारदार’ या शब्दाच्या जागी एकदा ‘सुरेशराव’ घालून मोठ्याने वाचा आणि एकदा ‘सुरेखाताई’ घालून. एकही शब्द बदलावासा वाटला, तर गळती तिथं आहे. मोठ्याने वाचणं गरजेचं आहे, कारण ‘एकटीने’सारखा शब्द डोळ्याला चुकतो, जिभेला चुकत नाही. हिंदीचीही अशीच परीक्षा घ्या, पण हिंदी घरी बोलणाऱ्या माणसाकडून. त्यानंतर प्रकरण माहीत नसलेल्या एकाला कागद द्या आणि दोनच प्रश्न विचारा: तक्रारदार किती? आणि बाई की पुरुष? पहिल्याचं उत्तर ‘एक’ आणि दुसऱ्याचं ‘यावरून कळत नाही’ असं आलं की कागद फलकावर लावायला हरकत नाही.

काही कार्यालयांत अजून सांगतात की ‘तो’ लिहा, कायद्यात ‘तो’मध्ये ‘ती’ धरतातच. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३मध्ये पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात असं आहे, हे खरं. पण ते केंद्रीय कायदे आणि नियम यांचा अर्थ लावण्यासाठी. कोअर शॉपमधल्या चाळीस माणसांनी फलक वाचून काय तर्क करावा, यावर त्या कलमाचा काही अंमल नाही. शिवाय ‘तो’ वाचून सगळे एखाद्या पुरुषावर संशय घेणार असतील, तर ज्याचा काही संबंध नाही असा माणूस अडचणीत येतो.

एखाद्याने स्वतःहून सांगितलं असेल की मला ‘ही’ किंवा ‘शी’ नको, ‘दे’ म्हणा, तर तो ‘दे’ वेगळा. तिथं माणूस माहीत आहे आणि लपवायचंही काही नाही. वरच्या युक्त्या तिथं तात्पुरत्या चालतात, पण मराठीत स्वतःबद्दल काय म्हटलेलं आवडेल ते त्या माणसालाच विचारावं आणि तेच लिहावं.